चार मिनिटांच्या फोनचे किती?

समजा, नंदाखालला राहणारी एक सल्लागार आहे. वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचा माल बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या स्टॉकचा हिशेब ती सॉफ्टवेअरमध्ये बसवून देते. आठवड्यातून एखादी फेरी, बाकी सगळं घरून. ताशी दर ठरलेला : 1,800 रुपये. महिनाअखेर बिल जातं आणि दोन दिवसांत कारखान्याच्या अकाउंटंटचा फोन येतो, ‘‘मॅडम, हे तास कसे काढले?’’

प्रश्न दराचा नसतो, कारण तो मालकानं सुरुवातीलाच मान्य केलेला असतो. अडतं ते मिनिटांचे तास करताना.

तिचा एक दिवस घेऊ. सकाळी गोदामातून फोन, 4 मिनिटं. एका मेलला उत्तर, 7 मिनिटं. चुकीची शिल्लक दाखवणारा रिपोर्ट दुरुस्त करणं, 52 मिनिटं. पुन्हा फोन, 3 मिनिटं. दुपारी खरेदी विभागाबरोबर ऑनलाइन बैठक, 68 मिनिटं. घड्याळाप्रमाणे झाली 134 मिनिटं, म्हणजे 2 तास 14 मिनिटं. त्याचे होतात 4,020 रुपये.

आता हेच काम पाव तासाच्या टप्प्यानं मोजा. प्रत्येक नोंद पुढच्या पंधरा मिनिटांना नेली, तर दोन्ही फोन आणि मेल मिळून चौदा मिनिटांची पंचेचाळीस होतात. रिपोर्टचा एक तास, बैठकीचा सव्वा तास. बेरीज बरोबर 3 तास, रक्कम 5,400. सहा मिनिटांचा, म्हणजे तासाच्या दहाव्या भागाचा टप्पा धरून प्रत्येक नोंद वर नेली तर अडीच तास, 4,500. आणि नोंदी खऱ्या मिनिटांच्या ठेवून फक्त दिवसाची बेरीज सहाच्या पटीत वर नेली तर 138 मिनिटं, 2.3 तास, 4,140 रुपये. काम तेच, दिवस तोच, आणि घड्याळापेक्षा 120 रुपये जास्त की 1,380 रुपये, हे फक्त नियमावर ठरलं.

सहा मिनिटांचा टप्पा वकिलांकडून आला. बोस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या कार्यालयात वेळेच्या नोंदींची शिस्त बसवली, तिथून ती इतरत्र पसरली. तासाचे दहा भाग केले की दशांशात गुणाकार सोपा जातो, ही त्यातली सोय.

माझं मत दिवसाच्या बेरजेला वर नेण्याच्या बाजूनं आहे. त्यात सल्लागाराचे थोडे पैसे सुटतात, पण चार मिनिटांच्या फोनसमोर पंधरा मिनिटं लिहिलेली कुणाला दिसत नाहीत. ज्यांच्या कामात सतत छोटे फोन असतात आणि प्रत्येक फोनला हातातलं काम मोडतं, त्यांनी नोंदीगणिक टप्पा धरला तरी गैर नाही. मात्र नियम कोणताही असो, तो कामाच्या पत्रात आधी लिहिलेला हवा आणि तेच वाक्य प्रत्येक बिलाच्या माथ्यावर हवं, जसं : ‘प्रत्यक्ष मिनिटे नोंदवली आहेत, दिवसाची बेरीज पुढच्या सहा मिनिटांना नेली आहे.’ तक्त्यात प्रत्यक्ष मिनिटं आणि आकारलेले तास असे दोन वेगळे रकाने ठेवले, की अकाउंटंटला फोन करावा लागत नाही. तो स्वतःच ताळा करतो.

दुसरा घोळ दशांशाचा. अडीच तास कुणी 2.30 लिहितं, कुणी 2.5. बिलात 2.30 असेल आणि रक्कम 4,500, तर समोरचा कॅल्क्युलेटरवर 4,140 काढतो आणि तीनशेसाठ रुपयांचा खुलासा मागतो. एक्सेल तर आणखी फसवतं. तिथं 2:30 ही वेळ दिवसाचा अंश म्हणून साठवली जाते. तिला थेट 1,800 नं गुणलं तर उत्तर येतं 187.50. महिन्याची बेरीज चोवीस तासांच्या वर गेली की साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये 38 तास 24 मिनिटांची 14:24 दिसतात, कारण पूर्ण दिवस गळून पडतो. तिथं `[h]:mm` हा फॉरमॅट लागतो. त्याहून बरं म्हणजे वेळ लिहूच नये, नुसती मिनिटं लिहावीत. D2 मध्ये दिवसाची एकूण मिनिटं असतील तर आकारायचे तास असे :

```
=CEILING(D2,6)/60
```

आधी तास करून मग 0.1 च्या टप्प्यानं वर नेलं, तर दशांशाच्या सूक्ष्म चुकीमुळे 0.9 चा कधी 1 होऊ शकतो. पूर्ण मिनिटांवर तो धोका नाही.

नोंदीची भाषाही तितकीच महत्त्वाची. ‘फोन, मेल, रिपोर्ट, चर्चा – 2.3 तास’ अशी एकच ओळ आली, की वाचणाऱ्याला त्यातलं कशाला किती गेलं ते कळत नाही आणि तो सगळ्यावरच शंका घेतो. त्याऐवजी ‘कच्च्या कागदाची शिल्लक उणे दिसत होती, परत आलेला माल दोनदा वजा होत होता, तो नियम दुरुस्त केला – 52 मिनिटे’ असं लिहिलं, तर कारखान्यातल्या कुणालाही ते काम आठवतं. अशी ओळ त्याच दिवशी लिहायची असते. महिनाअखेर मेल चाळून तयार केलेल्या नोंदी ओळखू येतात, कारण त्या सगळ्या अर्ध्या किंवा पूर्ण तासाच्या असतात.

प्रवासाचा मुद्दा नंदाखालकरांना चुकत नाही. विरार स्टेशन, लोकलनं वसई रोड, पुढे रिक्षानं वालीव. हा वेळ आकारायचा नाही, अर्ध्या दरानं की पूर्ण, ते आधी ठरवावं आणि बिलात वेगळ्या ओळीवर दाखवावं. गाडीत बसून दुसऱ्या ग्राहकाचं काम केलं, तर तो वेळ दोघांनाही लावता येतो का? अमेरिकन बार असोसिएशननं 1993 मध्ये वकिलांपुरतं याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं. सल्लागारांनाही ते लागू करायला हरकत नसावी.

स्वतःच्या चुकीची दुरुस्ती केली असेल, तर ती ओळ गाळण्यापेक्षा 35 मिनिटे, आकारणी शून्य अशी ठेवावी. बाकीच्या ओळींवरचा विश्वास त्यानं वाढतो.

आता महिन्याचं बिल. 38.4 तासांचे 69,120 रुपये. सल्लागार जीएसटीत नोंदलेली असेल तर 18 टक्के कर. दोघंही महाराष्ट्रातले, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा 9-9 टक्के, प्रत्येकी 6,220.80. कर जवळच्या रुपयापर्यंत आणायचा असतो, म्हणजे प्रत्येकी 6,221. एकूण 81,562. कारखाना मात्र एवढे देत नाही, तो टीडीएस कापून घेतो. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात फक्त फीवर होते. व्यावसायिक सेवा धरली तर 10 टक्के, 6,912, आणि खात्यात येतात 74,650. याच कामाला कारखान्यानं तांत्रिक सेवा मानलं तर कपात 2 टक्के, 1,382. कोणतं धरायचं ते पहिल्या बिलाआधी दोन्ही बाजूंच्या सीएंकडून ठरवून घ्यावं आणि बिलाच्या तळाशी ‘टीडीएस वजा जाता अपेक्षित रक्कम’ अशी ओळ छापावी.