सलूनची फ्रँचायझी घेण्याआधी मंदीच्या महिन्याचा हिशेब मांडा

लॅक्मे, नॅचरल्स, जावेद हबीब अशा नावांच्या पाट्या आता जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. यातली बरीच सलून कंपनीची नसतात. नाव कंपनीचे असते. दुकान, भाडे, पगार आणि नुकसान स्थानिक माणसाचे असते. स्वतःचे पार्लर दहा वर्षे चालवलेल्या बाईला किंवा निवृत्तीचे पैसे गुंतवू पाहणाऱ्या जोडप्याला अशा साखळीचा प्रस्ताव येतो, तेव्हा हातात एक रंगीत पुस्तिका आणि नफ्याचा एक तक्ता पडतो. करार मात्र बहुतेकदा टोकन भरल्यानंतर मिळतो. हा क्रम उलटा करायला हवा. करार आधी वाचावा आणि पैसे नंतर द्यावेत.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी सविस्तर माहितीपत्र द्यावेच लागते. त्यात कंपनीवरचे खटले, बंद पडलेल्या शाखा, सगळी शुल्के असा तपशील असतो. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. इथे 1872 चा करार कायदा लागू होतो, म्हणजे सही केलेला कागद हाच जवळजवळ सगळा आधार. ही माहिती आपणच मागून घ्यायची असते.

तक्ता तपासताना

एक काल्पनिक, पण या व्यवसायात शोभेल असा प्रस्ताव घेऊ. हजार चौरस फुटांची जागा, भाडे 75 हजार. फ्रँचायझी शुल्क 7 लाख. सजावट, खुर्च्या, शाम्पू स्टेशन, वातानुकूलन मिळून 30 लाख. सुरुवातीचा माल 3 लाख. रॉयल्टी विक्रीच्या 12 टक्के, जाहिरात निधी 2 टक्के. कराराची मुदत 5 वर्षे.

कंपनीचा तक्ता सांगतो की महिन्याला 6 लाखांची विक्री होईल. त्यातून पगार आणि इन्सेंटिव्ह 1 लाख 95 हजार, भाडे 75 हजार, रॉयल्टी आणि जाहिरात 84 हजार, वापरलेला माल 72 हजार, वीज, धुलाई, सॉफ्टवेअर वगैरे 50 हजार जातील आणि हाती 1 लाख 24 हजार उरतील. 40 लाखांची गुंतवणूक 32 महिन्यांत परत.

या तक्त्यात जीएसटी कुठे आहे, ते बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवेवरचा कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहकाला ते बरे झाले, पण या 5 टक्क्यांसोबत इनपुट क्रेडिट मिळत नाही. आधी भाडे, रॉयल्टी, सजावट यांवर भरलेला 18 टक्के कर सलूनवाला ग्राहकाकडून घेतलेल्या करातून वजा करू शकत असे. आता तो त्याच्या खिशातून जातो. व्यावसायिक जागेचा मालक जीएसटीत नोंदलेला नसला, तरी नोंदणीकृत भाडेकरूला भाड्यावरचा कर स्वतः भरावा लागतो. जुन्या काळात बनवलेले नफ्याचे तक्ते आजही फिरत असतील, तर त्यांत हा खर्च सापडणार नाही.

तो घालून पाहू. भाडे 88,500 होते. रॉयल्टी आणि जाहिरात निधी 84 हजारांवरून 99,120 होतात. हाती उरतात सुमारे 95 हजार. शुल्क आणि सजावटीवरचा कर धरल्यास गुंतवणूकही 40 लाखांची 46 लाख 66 हजार होते. आता परतफेडीला 32 नव्हे, 49 महिने लागतात. करार 60 महिन्यांचा आहे, म्हणजे खऱ्या कमाईला 11 महिने उरतात. यात जागेची अनामत, कर्जाचे व्याज आणि मालकाचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

आता विक्री 6 ऐवजी 4 लाख झाली असे माना. पितृपक्षात किंवा ऐन पावसाळ्यात असा महिना येतोच. माल कमी लागेल, इन्सेंटिव्ह घटेल, पण पगार फारसे हलणार नाहीत. 1 लाख 65 हजार पगार, 88,500 भाडे, 48 हजार माल, 45 हजार इतर खर्च. रॉयल्टी 12 टक्क्यांनी 48 हजार व्हायला हवी. पण करारात ‘किमान रॉयल्टी 60 हजार’ असे कलम असेल, तर 60 हजारच भरावी लागेल. जाहिरात निधी आणि कर धरून हा आकडा 80,240 होतो आणि महिना सुमारे 27 हजारांच्या तोट्यात जातो. विक्री एक तृतीयांशाने घटली आणि नफा पुसला गेला. म्हणून किमान रॉयल्टी पहिल्या वर्षी तरी नको, हा आग्रह टक्केवारी एका अंकाने कमी करून घेण्यापेक्षा जास्त मोलाचा ठरतो.

6 लाख ही विक्री शक्य आहे का, हेही ताडून बघता येते. सरासरी बिल 800 रुपये धरले, तर महिन्याला 750 ग्राहक, म्हणजे रोज 25 लागतात. त्याच साखळीच्या, आपल्यासारख्याच गावातल्या शाखेसमोर रविवारी नव्हे, मंगळवारी बसून माणसे मोजा.

रॉयल्टी नेमकी कशावर?

टक्का किती यापेक्षा तो कशावर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कंपनीने जाहीर केलेल्या 30 टक्के सवलतीत ग्राहकाने 700 रुपये दिले, तर रॉयल्टी 700 वर की मूळ 1000 वर? करार ‘एकूण बिल’ म्हणतो की ‘सवलत आणि कर वगळून मिळालेली रक्कम’, ते शब्द शोधा.

मेंबरशिप आणि पॅकेज हा दुसरा गुंता आहे. ग्राहकाने 20 हजारांचे पॅकेज घेतले की पैसे आज येतात, सेवा वर्षभर द्यायची असते. रॉयल्टी बहुधा पैसे आले त्याच दिवशी लागते. तोच ग्राहक पुण्याच्या शाखेतून पॅकेज घेऊन आपल्याकडे केस रंगवायला आला, तर आपले पैसे कोण, किती दिवसांत देणार? हा शाखांमधला हिशेब करारात लिहिलेला नसेल, तर आपला रंग, आपला कारागीर आणि कमाई दुसऱ्याची, असे घडते.

माल घेण्याचे बंधन

साखळीचा फेशियल सगळीकडे सारखा व्हावा म्हणून ठरावीक उत्पादनेच वापरण्याची अट रास्त आहे. त्रास किमान खरेदीच्या अटीने होतो. आपल्या उदाहरणात मंदीच्या महिन्यात 48 हजारांचा माल लागतो. करारात महिन्याला 75 हजारांची खरेदी सक्तीची असेल, तर 27 हजारांचा माल कपाटात साचतो. केसांचे रंग आणि फेशियल किट यांची मुदत संपते. तेव्हा हा साठा पैसे असल्यासारखा दिसला तरी पैसे नसतो.

यासाठी एक सोपी तपासणी आहे. जास्त खपणाऱ्या दहा वस्तूंची कंपनीची दरसूची मागा आणि त्याच वस्तूंचे दर शहरातल्या वितरकाकडून घ्या. कंपनीचा दर जास्त असेल, तर तो फरक ही दुसऱ्या नावाची रॉयल्टीच आहे. ती टक्क्यात मिळवून बघा. हीच तुलना सजावटीचीही करा, कारण फर्निचर कंपनीच्याच कंत्राटदाराकडून घ्या, अशी अट असते. स्पर्धा कायद्यात माल गळ्यात मारण्याविरुद्ध तरतूद आहे, पण बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय हानी झाल्याचे दाखवावे लागते. एका सलूनवाल्याने त्यावर भिस्त ठेवू नये. किमान खरेदी विक्रीच्या टक्क्यात बांधून घ्यावी आणि मुदत जवळ आलेला माल परत घेण्याचे कलम लिहून घ्यावे.

बाहेर पडण्याची वाट

कराराचा शेवटचा भाग आधी वाचावा. तीन वर्षांचा लॉक-इन असेल आणि दुसऱ्या वर्षी दुकान बंद करावे लागले, तर अनेक करार उरलेल्या महिन्यांची रॉयल्टी मागतात. 60 हजार किमान रॉयल्टी असेल आणि लॉक-इनचे 18 महिने उरले असतील, तर मागणी 10 लाख 80 हजारांची येते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. पण हा मुद्दा मांडायचा कुठे? लवादाचे ठिकाण दिल्ली असेल, तर खर्चाच्या धास्तीनेच माणूस तडजोड करतो. ठिकाण आपल्या राज्यात मागा.

दुसरी अट स्पर्धेची. करार संपल्यावर दोन वर्षे, पाच किलोमीटरच्या आत सलून चालवायचे नाही, असे लिहिलेले असते. करार चालू असतानाचे असे बंधन वैध धरले जाते. 1995 च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. करार संपल्यानंतरचे बंधन मात्र कलम 27 पुढे साधारणपणे टिकत नाही. तरीही नोटीस येते आणि ग्राहकांची यादी, बुकिंगचा फोन नंबर, नकाशावरची नोंद कंपनीच्या हातात असली, तर त्याच जागेत नव्याने सुरुवात करणे अवघड जाते. आधीपासून पार्लर असलेल्या बाईने आपले जुने ग्राहक आणि जुना नंबर करारात स्वतःच्या नावे वेगळे नोंदवून घ्यावेत.

तिसरी गोष्ट जागेच्या कराराची. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा असेल, तर मालकाने जागा मागितल्यास कंपनीचा करार आपण मोडल्यासारखे होते. दोन्ही मुदती आणि दोन्ही लॉक-इन जुळवून घ्या. दुकान चालते पण आपल्याला जमत नाही, अशा वेळी ते विकता येईल का, हस्तांतराचे शुल्क किती, उरलेला माल कंपनी कोणत्या भावाने घेणार आणि अनामत किती दिवसांत परत करणार, हेही आकड्यांत लिहिलेले हवे.

शेवटी कंपनीची तपासणी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर माफक शुल्कात तिचे ताळेबंद मिळतात. उत्पन्न रॉयल्टीतून येते की नव्या शाखांच्या प्रवेश शुल्कातून, ते बघा. शुल्कावरच चालणारी कंपनी फ्रँचायझी विकण्यात रमलेली असते. शाखा चालली काय, बुडाली काय, तिची कमाई झालेली असते. नाव तिच्याच मालकीचे आहे का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदवहीत मोफत दिसते. मागच्या तीन वर्षांत बंद झालेल्या शाखांची यादी मागा आणि त्यातल्या दोघांशी तरी बोला. कंपनीने निवडून दिलेल्या यशस्वी शाखांपेक्षा ही माणसे जास्त शिकवतील.

मंदीच्या महिन्यातही भाडे, पगार आणि रॉयल्टी निघत असतील, बाहेर पडण्याची किंमत आकड्यात लिहिलेली असेल आणि ती आपल्याला झेपणारी असेल, तर सही करावी. ‘हे सगळे छापील असते, बदलत नाही’ असे उत्तर आले आणि हिशेबही बसत नसेल, तर टोकन देऊ नये. आपल्या हातातली कला आणि आपले ग्राहक पाटीशिवायही टिकतात. बुडालेले 46 लाख परत येत नाहीत.