काकांचा बोर्ड, मोबाइलचा रफार

विरार पूर्वेला फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या वाटेवर, एका पेंटरकाकांशी माझी सॉलिड गट्टी जमलीय. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्सनं बरंचसं काम पळवलं. उरलेलं गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘आधी डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’’ म्हणून भाच्यानं त्यांच्या मोबाइलवर चित्र काढून देणारं एआय अ‍ॅप टाकलं. हवं ते सांगा, चित्र हजर!

काकांनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, ‘‘किराणा दुकानाचा झकास बोर्ड दे.’’ आला काय? झगमगता निऑन, पोत्यांचा ढीग आणि लांबून देवनागरी वाटणारी, पण वाचताच न येणारी अक्षरं.

‘‘झकास म्हणजे काय, ते त्याला कोण सांगणार?’’ काका हसले. मग त्यांनी नव्या पोऱ्याला शिकवावं तसं बोलायला सुरुवात केली. ‘दहा फूट बाय अडीच फूट’चा उपयोग होईना, तेव्हा ‘उंचीच्या चौपट रुंदी’ म्हणून पाहिलं. बोर्ड लांबट झाला. ‘पिवळा’ऐवजी ‘हळदीसारखा पिवळा, चमक नको, सपाट रंग’. पोती, दिवे, माणसं नकोत, हेही सांगावं लागलं.

खरी गोची शेडची होती. एका अक्षराची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे! काकांच्या हातून ती आपसूक एकाच बाजूला पडते. का, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. दोन दिवसांनी वाक्य सापडलं: ‘उजेड वरून डावीकडून, सगळ्या अक्षरांची सावली खाली उजवीकडे.’

एवढं जमलं आणि ‘समर्थ किराणा स्टोअर्स’चं चित्र गिऱ्हाइकानं पास केलं. काका खडूनं अक्षरं आखायला बसले आणि थबकले. चित्रात ‘सर्मथ’ होतं. रफार ‘थ’वर हवा, तो ‘म’वर बसला होता. मालकाला दिसलं नाही, भाच्याला नाही, मलाही नाही! अ‍ॅप शब्द वाचत नाही, शिकलेल्या चित्रांवरून अक्षरांचे आकार काढतं. त्यामुळे रफार, वेलांटी, जोडाक्षर कुठंही सरकू शकतं. नव्या अ‍ॅप्सना हे बरंच जमतं, पण दरवेळी जमेलच असं नाही.

तेव्हापासून काकांचा फंडा ठरलाय. चित्रात रंग, किनार, कोपऱ्यातली नक्षी मागायची आणि मधली जागा ‘कोरी ठेव’ म्हणायचं. नाव स्वतः लिहायचं. मग पाटी शेवटून सुरुवातीकडे, एकेक अक्षर वाचायची. सरळ वाचलं तर डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो.

२०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे चुकलेला रफारही मोठ्ठाच दिसणार!

मी विचारलं, ‘‘काका, अ‍ॅप शिकलं का हो?’’

‘‘ते कसलं शिकतंय? मी काय करतो, ते मला आत्ता कळलं.’’