नैर्ऋत्य मोसमी वारे : उगम आणि वळण

मोसमी पावसाचे मूळ जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील फरकात आहे. सूर्याची उष्णता जमिनीच्या वरच्या पातळ थरातच साठत असल्याने तो थर लवकर तापतो. समुद्रात हीच उष्णता पाण्याच्या घुसळणीने खोलवर पसरते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाणी तापविण्यास चार-पाच पट उष्णता लागते. त्यामुळे मे महिन्यात राजस्थान व सिंध भागांतील हवा तापून विरळ होते, वर चढते आणि तेथील दाब उतरतो. याच सुमारास दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो व दक्षिण हिंदी महासागरावर हवेचा दाब अधिक असतो. तेथील हवा उत्तरेकडे वाहू लागते.

ही हवा सरळ उत्तरेकडे न येता वळण का घेते, याचे उत्तर पृथ्वीच्या परिवलनात आहे. विषुववृत्तावरील भूपृष्ठ ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असते. ध्रुवांकडे जावे तसा हा वेग कमी होतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १,५८० किलोमीटर असतो. दक्षिणेकडून विषुववृत्ताकडे येणारी हवा कमी वेगाच्या प्रदेशातून अधिक वेगाच्या प्रदेशात शिरते. साहजिकच ती मागे पडते, म्हणजे पश्चिमेकडे झुकते. म्हणून तेथे हे वारे आग्नेयेकडून वाहतात. विषुववृत्त ओलांडल्यावर याउलट घडते. हवेचा पूर्वेकडील वेग आता खालच्या भूपृष्ठापेक्षा अधिक ठरतो व ती पूर्वेकडे वळते. अशा रीतीने आग्नेयेचे वारे नैर्ऋत्येचे होतात आणि अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन कोकण किनाऱ्यावर येतात. घर्षण व दाबातील फरक यांमुळे हे वळण प्रत्यक्षात या साध्या गणिताइतके नेमके नसते.

तथापि केवळ तापलेल्या जमिनीने सर्व उलगडा होत नाही. पाऊस सुरू होताच जमीन निवते. तरीही जुलैमध्ये वारे अधिक जोमदार होतात. बाष्पाचे पाणी होताना त्यात सामावलेली उष्णता वरच्या हवेत मोकळी होते व हवेचे वर चढणे चालूच राहते. पाऊस अशा प्रकारे वाऱ्यांना बळ देतो.

वळीव आणि मोसमी पाऊस यांतील भेद यावरून ध्यानी येतो. वळीव हा स्थानिक उष्णतेने बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो व ओसरतो. मोसमी वारे मात्र किनाऱ्यावर रात्रीही समुद्राकडूनच वाहत राहतात. केरळातील आगमन जाहीर करताना हवामान खातेही केवळ पाऊस न पाहता पश्चिमेचे वारे पुरेशा उंचीपर्यंत स्थिरावले आहेत काय, हे पाहते. वळिवाच्या ओलीवर पेरणी केल्यास आणि मागाहून वारे लांबल्यास दुबार पेरणीची पाळी येते, ती हा भेद न ओळखल्यामुळेच.