कानाखालची न दुखणारी गाठ

कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ, दोन वर्षांत जराशी वाढलेली. दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते. ही बहुधा कर्णमूल लाळग्रंथीची गाठ असते. अशा सुमारे 80 टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात; त्यांत ‘प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा’ सर्वाधिक आढळतो. ‘वॉर्थिन’ गाठ मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत दिसते. गाठ झपाट्याने वाढली, दुखू लागली किंवा चेहरा वाकडा झाला, तर कर्करोगाची शंका घ्यावी.

सोनोग्राफी आणि सुईतपासणीनंतर अ‍ॅडिनोमा ठरला, तरी तो काढावाच लागतो, कारण वर्षानुवर्षांनी त्याचा कर्करोग होऊ शकतो. नुसती गाठ सोलून काढणे मात्र चूक. आवरण फाटले तर पेशी सांडून ती पुन्हा उगवते. म्हणून भोवतालच्या थोड्या ग्रंथीसह ती काढतात.

खरी कसोटी चेहऱ्याच्या नसेची. ती ग्रंथीतूनच जाते आणि झाडासारखी फांद्यांत विभागते. सर्जन आधी कानाच्या कूर्चेच्या व हाडाच्या खुणांवरून तिचे खोड शोधतो, मग एकेक फांदी डोळ्यांसमोर ठेवून गाठ सोडवतो. नसेजवळ पोहोचताच मॉनिटर इशारा देतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ तेव्हा स्नायू शिथिल करणारे औषध टाळतात.

नस शाबूत असूनही ओठ किंवा पापणी काही आठवडे, कधी काही महिने मंदावते. बहुतेकांची पूर्ववत होते. शस्त्रक्रियेपूर्वी हे सर्जनला जरूर विचारा.