मुलाच्या आकांतात राग किती, दुःख किती?

आमच्या वसतिगृहात तान्ही मुले नसतात. परंतु पालकभेटीच्या दिवशी त्यांची धाकटी भावंडे आईच्या कडेवर बसून येतात. निघण्याची वेळ होते, ताईचा हात सुटतो आणि अडीच वर्षांचे मूल अंगणात लोळण घेते. भोवतालची माणसे म्हणतात, "लाडावून ठेवलंय." हे निदान आम्हांस घाईचे वाटते.

या वयाचे मूल नुकतीच दोन-तीन शब्दांची वाक्ये जोडू लागलेले असते. ताईला घरी न्यावे, हे सांगण्याइतकी भाषा राग चढल्यावर त्याच्यापाशी उरत नाही. उसळलेल्या भावनेला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग तर विशीपर्यंत घडत राहतो. मोठ्यांना जो संयम सहज वाटतो, तो मुलापाशी अजून तयारच झालेला नसतो.

अमेरिकेतील फ्लोरेन्स गुडइनफ या विदुषींनी मुलांच्या रागाच्या नोंदी आयांकडूनच करवून घेतल्या व १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. भूक, थकवा आणि आजारपण यांचा रागाशी असलेला संबंध त्यांतून दिसला. पुढे मायकेल पोटेगल व सहकाऱ्यांनी २००३ साली अशा प्रसंगांचा क्रम तपासला. किंचाळणे, लाथा मारणे हा राग आरंभीच शिगेला पोहोचतो व ओसरतो. रडणे, कुशीत शिरू पाहणे हे दुःख मात्र शेवटपर्यंत टिकते. बहुतेक प्रसंग पाच मिनिटांच्या आतच संपतात.

आईला याचा उपयोग असा. लाथा चालू असताना समजावणे, "काय झालं?" असे पुनःपुन्हा विचारणे व्यर्थ, मूल आपटणार नाही एवढे पाहून जवळ शांत बसावे. हुंदके उरले, मूल हात पुढे करू लागले, की उचलून घ्यावे आणि "ताई राहिली, म्हणून वाईट वाटलं ना" असे शब्द त्याला द्यावेत. तेच शब्द पुढे त्याच्या उपयोगी पडतात.

खरी अडचण घरी येते. येथील कारखान्यांत रात्रपाळी करून बाप दुपारी झोपलेला असतो. आरडाओरडा नको म्हणून आई बिस्किटाचा पुडा हाती देते. त्या माउलीला दोष कसा द्यावा? तरीही कधी नकार, कधी पुडा असे झाले की मूल पुढच्या वेळी अधिक काळ ओरडते. द्यायचेच असेल तर रडण्यापूर्वी द्यावे. नाही म्हटले तर शेवटपर्यंत नाहीच.

बहुतेक मुलांत चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत हे प्रसंग विरळ होतात. त्यानंतरही रोज घडत असतील, अर्धा-अर्धा तास चालत असतील किंवा मूल स्वतःला इजा करीत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. रडता रडता श्वास रोखून मूल निळे पडते, त्यास काही घरांत बाहेरची बाधा समजतात. अशा मुलांत पुष्कळदा लोहाची कमतरता आढळते. म्हणून अंगारा न लावता रक्त तपासून घ्यावे.