सर मोत्यांचा, आयुष्य दोऱ्याचे

एप्रिल २००७ मध्ये न्यू यॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात मोत्यांचा एक दुपदरी हार ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. त्यात ६८ मोती होते. बडोद्याच्या गायकवाडांकडे जो सात पदरी मोत्यांचा हार होता, त्यातलेच हे निवडक मोती असे मानले जाते. सात पदरांचे दोन पदर झाले, घडण बदलली, मालक बदलले, मोती मात्र तेच राहिले. हे शक्य होते, कारण मोत्याचा हार कधीच कायमचा घडवलेला नसतो. तो गाठवलेला असतो आणि ठरावीक काळाने पुन्हा गाठवायचा असतो.

घरोघरच्या मोत्यांच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते. सोन्याची साखळी वर्षानुवर्षे तशीच वापरता येते, म्हणून मोत्याचा सरही तसाच वापरला जातो. मग एखाद्या कार्यात, गर्दीत, तो तुटतो. त्यात गाठी नसतील तर मोती चहूकडे पळतात आणि घरी आल्यावर मोजले की दोन-चार कमी भरतात.

दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारण्याचे पहिले कारण हेच: दोरा तुटला तरी फार तर एखादा मोती निसटतो. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते, पण ते अधिक महत्त्वाचे आहे. मोती हा फार मऊ असतो. कडकपणा मोजण्याच्या मोहस मापावर तो साधारण अडीच ते साडेचारच्या दरम्यान बसतो, तर हिरा दहावर. गाठ नसेल तर चालता-बोलता शेजारचे मोती एकमेकांवर घासतात आणि भोकाच्या कडेचा थर झिजायला लागतो. कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मोत्यात आतल्या मण्यावरचा हा थर पातळ असेल, तर भोकाभोवती चक्क टवके उडालेले दिसतात. टवका उडालेला मोती पूर्ववत होत नाही. दोरा मात्र हवा तितक्या वेळा बदलता येतो.

अर्थात प्रत्येक मोत्याच्या दागिन्याला गाठी नसतात. चिंचपेटी आणि नथ तारेवर गुंफतात. तन्मणीच्या बारीक मोत्यांच्या पदरांतही मोत्यागणिक गाठ नसते, कारण तीन मिलिमीटरच्या आतल्या मोत्यांमध्ये गाठीच जास्त दिसतील. एकेरी किंवा दुपदरी सर, ज्यात मोती सुटे सुटे नजरेत भरतात, तिथे मात्र गाठ हवीच.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सात मिलिमीटरच्या ५६ मोत्यांचा अठरा इंची सर गाठवायला आला आहे. मोतीच तेवढे ओळीने लावले तर त्यांची लांबी ३९२ मिलिमीटर होते. ५५ गाठी साधारण ५० मिलिमीटर जागा घेतात आणि आकडा १५. बेरीज ४५७, म्हणजे अठरा इंच. हा हिशेब ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे. बिनगाठींचा सर पहिल्यांदा गाठी मारून घेतला तर तो दीड-दोन इंच लांब होतो, आणि जाड दोरा वापरला तर आणखी. गळ्याबरोबर बसणारा सर अचानक खाली आला की त्यात मोती बदलले असतील अशी शंका येते. प्रत्यक्षात ती गाठींची लांबी असते.

चांगला कारागीर आधी ग्राहकासमोर मोती मोजतो. मग खोबणी असलेल्या ताटलीत सर ठेवून तो थोडा थोडा कापतो आणि मोती त्याच क्रमाने मांडत जातो. चढत्या-उतरत्या आकाराच्या सरात मधला मोती सर्वांत मोठा असतो. तिथे क्रम चुकला तर दागिन्याचा तोलच जातो. जुन्या दोऱ्याचे तुकडे आणि मळ भोकांतून बारीक सुईने काढायचा, मोती किंचित ओल्या मऊ कापडाने पुसायचे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यायचे.

आता दोरा. रेशीम नळीवर किंवा पुठ्ठ्यावर नंबराने मिळते. नंबर वाढला की जाडी वाढते. दोरा भोकातून जाईल एवढा बारीक हवा, पण त्याची गाठ भोकापेक्षा मोठी व्हायला हवी. दोरा बारीक पडला तर गाठ मोत्याच्या आत शिरते आणि ती मारूनही उपयोग राहत नाही. रेशीम ताणले जाते, म्हणून अनेक कारागीर ते वापरण्यापूर्वी वजन बांधून रात्रभर टांगून ठेवतात. नवा सर महिन्याभरात सैल झाला, तर बहुधा ही पायरी गाळलेली असते. अठरा इंची सराला दोनेक मीटर दोरा लागतो, कारण प्रत्येक गाठ थोडी लांबी खाते.

सुरुवात आकड्याजवळ होते आणि खरे कसब तिथेच असते. आधी तीन मोती गाठीशिवाय ओवायचे. मग अर्ध्या सेंटिमीटरची फ्रेंच वायर ओवायची. ही केसासारख्या बारीक तारेची पोकळ गुंडाळी असते. तिच्यातून दोरा जातो, आकड्याच्या कडीत तिचा फासा होतो, आणि धातू रेशमाला थेट घासत नाही. मग सुई उलटी फिरवून आकड्याजवळच्या मोत्यातून परत आणायची, गाठ मारायची, दुसऱ्यातून आणायची, पुन्हा गाठ, तिसऱ्यातून, पुन्हा गाठ. या तीन मोत्यांत दोरा दुहेरी होतो. म्हणून दोन्ही टोकांच्या मोत्यांची भोके कधी कधी बारीक कानशीने, पाण्याखाली धरून, किंचित मोठी करावी लागतात.

पुढे एकेक मोती ओवायचा आणि साधी गाठ घालायची. सैल फाशात टोच्या घालून गाठ सरकवत मोत्याला भिडवायची, टोच्या अलगद काढायचा आणि नखाने गाठ दाबायची. गाठ मोत्याला टेकली पाहिजे, पण फार आवळली तर सर काठीसारखा ताठ राहतो आणि गळ्यावर वळत नाही. सैल राहिली तर मोत्यांमध्ये दोरा दिसतो आणि मोती घासायला मोकळे होतात. तयार सर बोटावर टाकून पाहावा: तो सहज लोंबला पाहिजे आणि मोत्यांत कुठेही फट दिसता कामा नये.

काही ठिकाणी रेशमाऐवजी तंगूस वापरतात. स्वस्त मण्यांच्या माळेला ते चालते. चांगल्या मोत्यांना नको, कारण त्याची गाठ नीट बसत नाही आणि सर ताठ राहतो. बारीक स्टीलची तार तर आणखी वाईट. ती आतून भोक कापत राहते. अलीकडे काही कारागीर मजबूत कृत्रिम धागा वापरतात. तो रेशमापेक्षा टिकाऊ असतो, पण रेशमाची लवचीक झोकदार घडण मात्र रेशमातच येते.

दोरा कधी बदलायचा, हे वापरावर ठरते. रोज किंवा एक दिवसाआड घालत असाल तर दर वर्षी. महिन्यातून दोन-तीनदा घालत असाल तर दोन-तीन वर्षांनी. फक्त लग्नकार्यात बाहेर निघणारा सर असेल तर दर वर्षी तपासावा आणि पाचेक वर्षांनी बदलावा, कारण न वापरता पडून असलेले रेशीमही जुने होतेच. घाम, केसांचे तेल, अत्तर आणि हवेतला ओलावा रेशमात मुरतो. मुंबई-कोकणात हे लवकर घडते.

तपासायला भिंग लागत नाही. सर टेबलावर सरळ ठेवून मोती हलकेच बाजूला सारून पाहावेत. गाठ आणि मोती यांत फट पडली असेल, मोती दोऱ्यावर सरकत असतील, तर रेशीम ताणले गेले आहे. आकड्याजवळचे तीन-चार मोती खास पाहावेत. मानेचा घाम आणि धातूचे घर्षण तिथेच असते, त्यामुळे दोरा बहुतेक वेळा तिथेच तुटतो. दोरा काळपट किंवा पिवळा पडला असेल, तंतू सुटलेले दिसत असतील, तर सर घालू नये. दुपदरी-तीनपदरी हारात एक पदर तुटला तरी सगळेच पदर एकदम गाठवून घ्यावेत. बाकीचेही तितकेच जुने असतात, आणि नवा पदर व ताणलेले पदर यांची लांबी जुळत नाही.

सर पाण्यात बुडवून धुऊ नये. ओले रेशीम कमजोर होते आणि मळ गाठीत जाऊन बसतो. चांदीसाठी वापरतात ती चिंच, तसेच लिंबू किंवा टूथपेस्ट मोत्याला लावू नये. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने त्याचे पाणी उतरते आणि पेस्टने चरे पडतात. वापरून झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे असते.

ठेवताना सर आडवा ठेवावा. खुंटीला टांगला तर स्वतःच्या वजनानेच दोरा ताणतो. मलमलीच्या किंवा मऊ सुती कापडाच्या स्वतंत्र पिशवीत, आकडा लावून, सोन्या-चांदीपासून वेगळा. हवाबंद प्लास्टिकची पिशवी टाळावी. लाकडी पेटीबाबतही सावध राहिलेले बरे. १८९९ साली बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने संग्रहातल्या शिंपल्यांवर पांढरी पूड साचते याबद्दल लिहिले. त्याने दिलेले कारण पुढे चुकीचे ठरले. लाकडी कपाटांतून, विशेषतः ओकच्या, निघणारी आम्लाची वाफ शिंपल्याचे कॅल्शियम खात होती. मोतीही त्याच द्रव्याचा असतो. पेटी लाकडाचीच असेल तर मोती कापडात गुंडाळून ठेवावेत आणि पेटी अधूनमधून उघडावी.

बँकेच्या लॉकरचा प्रश्न वेगळा आहे. मोत्यात थोडा ओलावा मुळातच असतो. वातानुकूलित, कोरड्या जागी वर्षानुवर्षे बंद राहिला तर तो निस्तेज होऊ शकतो, चिराही पडू शकतात. लॉकरमध्ये दागिन्यांसोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मोत्यांच्या पिशवीत राहू देऊ नयेत. आणि वर्षातून दोन-तीनदा सर बाहेर काढून काही तास घालावा.

सर गाठवून आणला की त्याच दिवशी तारीख, मोत्यांची संख्या आणि लांबी एका चिठ्ठीवर लिहून ती पिशवीत टाकावी आणि सराचा फोटो फोनमध्ये ठेवावा. पुढच्या वेळी कारागिराकडे जाताना एवढी माहिती पुरते.