शेजारच्याला धक्का न लावता

ग्रुप फोटोतल्या एका माणसाचे कपडे बदलणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांना जसेच्या तसे ठेवणे. फोटो दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. पूर्वी पासपोर्ट फोटोसाठी स्टुडिओत खुंटीवर एक कोट टांगलेला असे आणि येणारा प्रत्येक जण तोच घालून बसे. पुढे तो कोट संगणकात गेला. पण तिथे माणूस एकटा असतो, मागे कोरा पडदा असतो, आणि चुकून बिघडेल असे शेजारी कोणी नसते. ग्रुप फोटोत मात्र खांद्यावर कोणाचा तरी हात असतो, दंडावर कोणाचा तरी पदर असतो.

गेल्या वर्षी आलेले एक काम इथे उलगडून सांगतो. अकरा जणांचा फोटो, दोन रांगा. मागच्या रांगेत मधोमध घरातला थोरला नातू, अंगात लालभडक टी-शर्ट आणि छातीवर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचे नाव. त्याच्या डावीकडे धाकटा भाऊ, हात याच्या खांद्यावर. उजवीकडे आजी, क्रीम रंगाच्या साडीत. तिच्या पदराचा काठ नातवाच्या उघड्या हातावर आलेला. फोटोनंतर काही महिन्यांनी आजी गेली. हसताना टिपलेला तिचा घरात हा एकच फोटो. तो मोठा करून लावायचा, तर मधोमध ती जाहिरात नको, नातवाच्या अंगात पांढरा झब्बा हवा, एवढीच मागणी होती.

घरच्यांनी आधी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये फोटो टाकून पाहिला होता. झब्बा सुरेख आला होता. पण घरातल्या सूनबाईंनी दोन्ही फोटो माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, “बघा ना, आजी आहेत, पण आमच्या आजी नाहीत.” नाकातली चमकी गेली होती, ओठांच्या कडेच्या सुरकुत्या मऊ झाल्या होत्या, डोळे जरा एकसारखे झाले होते. आजीबद्दल ॲपला कोणी काहीच सांगितले नव्हते. मग तिला हात लागला कसा?

याचे उत्तर या यंत्रणांच्या रचनेत आहे. २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘स्टेबल डिफ्यूजन’ घ्या. ते चित्रावर थेट काम करत नाही. आधी चित्राचा एक आटवलेला नमुना तयार होतो, सगळा बदल त्या नमुन्यात होतो, आणि शेवटी त्यावरून चित्र पुन्हा उभे केले जाते. आटवताना चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पडतात. एका चौकोनात चौसष्ट ठिपके, प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे १९२ आकडे. त्यांच्या जागी उरतात फक्त चार. नंतरच्या काही मॉडेलांत ही संख्या वाढली आहे, पण तत्त्व तेच. १९२ आकड्यांचे काम चारांवर भागवायचे म्हणजे बारकावे आठवणीतून नाही, अंदाजाने भरावे लागतात.

आता आजीचा चेहरा मोजू. मूळ फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, त्यात तिचा चेहरा साधारण ३०० ठिपके रुंद आणि चमकी बारा ठिपक्यांची. अशा यंत्रणा पुष्कळदा अख्खा फोटो १०२४ ठिपक्यांच्या रुंदीवर आणतात. तसे केले की चेहरा पन्नासेक ठिपक्यांचा होतो आणि चमकी दोन ठिपक्यांची. चौकोनांत मोजले, तर चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम सहा चौकोन येतात आणि चमकीच्या वाट्याला एका चौकोनाचा कोपरा. त्या कोपऱ्यातून चमकी परत येणार कशी? यंत्राने आजीला मुद्दाम बदलले नव्हते. अख्खा फोटो आटवून पुन्हा उभा केला, त्यात ती निसटली.

म्हणून माझ्या पद्धतीत पहिली गोष्ट अशी, की अख्खा फोटो यंत्राला कधीच द्यायचा नाही. नातवाभोवतीचा १५३६ ठिपक्यांचा चौरस मी मूळ आकारातून कापून घेतला आणि तेवढाच १०२४ वर आणून दिला. कापडाला पुरेसे ठिपके मिळतात आणि बाकीचे बहुतेक जण मुळात त्या खोलीतच शिरत नाहीत. आजीचा अर्धा चेहरा त्या चौरसात येत होता, त्याची काळजी पुढच्या पायरीवर घेतली.

ती पायरी म्हणजे मास्क. मास्क हे फोटोच्याच मापाचे एक काळे-पांढरे चित्र. पांढरे तिथे नवे घ्यायचे, काळे तिथे जुने ठेवायचे. शेवटची जोडणी अशी होते:

```
R = M × N + (1 − M) × O
```

O म्हणजे जुना फोटो, N म्हणजे नवा, M म्हणजे मास्कची किंमत, शून्य ते एक, आणि R म्हणजे हाती येणारा फोटो. जिथे M शून्य आहे तिथे N ला शून्याने गुणले जाते. यंत्राने तिथे काहीही करून ठेवलेले असो, हाती येतो तो मूळ ठिपकाच. आजीच्या चेहऱ्याचे रक्षण या एका गुणाकाराने होते. यंत्राला ‘बाकीच्यांना हात लावू नकोस’ असे बजावून ते होत नाही.

मास्क एक नाही, दोन करावे लागतात. पहिला कामाचा, तो सैल. टी-शर्टच्या आकाराचाच मास्क केला, तर यंत्र टी-शर्टच्याच आकाराचा झब्बा शिवते. झब्ब्याची उभी कॉलर गळ्यावर चढते, बाही मनगटापर्यंत उतरते, म्हणून मानेचा खालचा भाग आणि पूर्ण हात या मास्कमध्ये घेतला. मास्क जुन्या कपड्याचा नव्हे, नव्या कपड्याचा बेतायचा. दुसरा मास्क जोडणीचा, तो कडक. यंत्राने काम संपवल्यावर तो हाताने, पेन टूलने काढायचा. भावाची चार बोटे एकेक करून बाहेर ठेवायची, पदराचा काठ बाहेर ठेवायचा. बाही पदराखाली जायला हवी, पदरावर नको. यंत्राने माझ्यासाठी बाही खुशाल पदरावर काढली होती आणि भावाला पाचवे बोटही दिले होते. कडक मास्क लावल्यावर दोन्ही आपोआप गळून पडले.

इथवर कामाचा सोपा भाग झाला. खरा वेळ जातो तो बोटांच्या कडांवर. फोटोत बोट आणि टी-शर्ट यांच्या सीमेवरचा ठिपका निव्वळ कातडीचा नसतो, त्यात लालही मिसळलेला असतो. बोट जसेच्या तसे ठेवले, की पांढऱ्या झब्ब्यावर प्रत्येक बोटाला बारीक लाल किनार दिसते. मोठ्या प्रिंटमध्ये ती कापून चिकटवल्यासारखी वाटते. तेव्हा कडेच्या एक-दोन ठिपक्यांचा फक्त रंग, शेजारच्या कातडीचा नमुना घेऊन, बदलावा लागतो. उजेड-अंधार तसाच ठेवायचा.

बोटांची सावलीही टी-शर्टबरोबर गेलेली असते. सावली नसली, की हात खांद्यावर टेकलेला न वाटता हवेत तरंगतो. ती नव्याने रंगवण्यापेक्षा जुन्या फोटोतूनच काढता येते, आणि ती युक्ती मला फार आवडते. लाल कापड लाल प्रकाश भरपूर परतवते, म्हणून फोटोच्या फक्त लाल चॅनेलमध्ये लाल टी-शर्ट जवळजवळ पांढऱ्या कापडासारखा दिसतो. छातीवरची पांढरी अक्षरेही तिथे तितकीच उजळ असतात, त्यामुळे ती जवळपास विरून जातात. उरतात फक्त घड्या आणि सावल्या. खांद्याजवळचा तेवढा तुकडा उचलून मी झब्ब्यावर `Multiply` पद्धतीने बसवला. बोटांखाली खरी सावली आली, त्या दिवशीच्या त्याच उन्हाची. अट एकच, लाल चॅनेल २५५ ला ठेचकाळलेले नसावे. ठेचकाळले असेल तर तिथे काही उरलेलेच नसते आणि सावली हातानेच करावी लागते.

यंत्राचे कापड फार स्वच्छ असते, हेही लक्षात ठेवावे. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत थोडी रवाळी असते. शेजारच्या साडीवर ती दिसते आणि झब्ब्यावर दिसत नाही, तेव्हा नेमके काय खटकते ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते. फोटो दुपटीने मोठा करून दोन्ही कापडे शेजारी पाहायची आणि जुळेल इतकी रवाळी झब्ब्यावर घालायची.

मग तपासणी. दोन फोटो आलटून-पालटून पाहणे चांगले, पण डोळा फसतो. फोटोशॉपमध्ये मूळ फोटो खाली, नवा वर, आणि वरच्या थराला `Difference` लावायचे. जिथे काही बदललेले नाही तिथे निव्वळ काळे दिसते. एक-दोन अंकांचा फरक काळ्यातच लपतो, म्हणून वर `Levels` चा थर घालून पांढरा काटा दहावर ओढायचा. मग लपलेला फरकही उघडा पडतो. ॲपवाल्या फोटोला ही कसोटी लावली तेव्हा काळी जागा कुठेच नव्हती. अकराही चेहऱ्यांच्या रेषा राखेने काढाव्यात तशा उमटल्या होत्या. माझ्या फोटोत झब्ब्याचा आकार चमकत होता आणि भोवती काळोख. बदललेला भाग साऱ्या फोटोच्या सुमारे पाच टक्के होता. ही तपासणी टिफ किंवा पीएनजी फाइलवरच करावी. जेपेग करून ठेवलेल्या फाइलमध्ये पुन्हा दाबण्यामुळेच सगळीकडे बारीक फरक पडतो आणि खरा बिघाड त्यात मिसळून जातो.

एका प्रश्नाला मात्र ही कसोटी उत्तर देत नाही. उन्हात उभ्या असलेल्या लाल टी-शर्टची लाली शेजाऱ्यावर पडते. आजीच्या साडीच्या खांद्यावर आणि गालाच्या त्या बाजूला ती पडली होती. टी-शर्ट लाल होता तोवर ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. झब्बा पांढरा झाल्यावर साडीवर गुलाबी डाग पडल्यासारखे दिसू लागले. प्रकाशाच्या हिशेबाने ते काढायला हवेत, आणि काढायचे म्हणजे शेजारणीला हात लावायचा. साडीवरचा रंग मी वेगळ्या थरावर उतरवला, फक्त रंग, एकाही धाग्याची रेषा नाही. हा थर कधीही बंद करता येईल असा ठेवला. गालाचे दोन नमुने काढून घरच्यांसमोर ठेवले, एक लाली काढलेला, एक तसाच.

सूनबाईंनी दोन्ही बराच वेळ पाहिले. लाली काढलेला गाल हिशेबाने बरोबर होता, पण फिकट होता. “हाच राहू द्या,” त्या लालीवर बोट ठेवून म्हणाल्या. १२ बाय १८ इंचाचा प्रिंट तसाच निघाला: अंगात पांढरा झब्बा, आणि आजीच्या गालावर आता कुठेच नसलेल्या टी-शर्टचा रंग.